उसनी ओळ आणि आपली कविता

वाचकहो, तुम्हांला आता लिहिता येते. सही येते, पत्र येते, दुकानाचा हिशेब येतो. कविता लिहायची म्हटली म्हणजे मात्र हात थांबतो. कोरे पान समोर असते आणि पहिली ओळच सुचत नाही.

यावर एक जुना उपाय आहे. पहिली ओळ दुसऱ्या कोणाची तरी घ्यावी आणि पुढच्या ओळी आपण लिहाव्या. घरात दही लावायचे असते आणि विरजण नसते, तेव्हा आपण शेजारणीकडून चमचाभर विरजण आणतो. विरजण तिचे, दूध आपले. सकाळी दही लागते ते आपल्या भांड्यात. पण विरजण कुठून आणले असे कोणी विचारले, तर आपण शेजारणीचे नाव सांगतो. कवितेतही तसेच करायचे असते. ओळ कशी वाढवायची आणि ती कोणाची हे कसे सांगायचे, या दोन गोष्टी आपण या पाठात पाहू.

आधी कविता कोणत्या जातीची, ते सांगतो. आपण मुक्तछंदात लिहिणार आहोत. मुक्तछंद म्हणजे ओळींच्या शेवटी यमक जुळवायचे नाही आणि अक्षरेही मोजायची नाहीत. नव्याने लिहिणाऱ्याला हे बरे पडते, कारण यमकाच्या मागे लागले की माणूस भलतेच काहीतरी लिहून बसतो. ‘माती’ला ‘छाती’ जुळते म्हणून तो छाती आणतो, मग त्या छातीचे काय करावे हे त्याला कळत नाही. मुक्तछंदात एकच गोष्ट सांभाळायची असते. ओळ कुठे तोडायची ती जागा. बोलताना आपण जिथे श्वास घेतो, किंवा ऐकणाऱ्याने जिथे क्षणभर थांबावे असे वाटते, तिथे ओळ तोडावी. मराठीत हा मुक्तछंद रुजवणाऱ्यांत कवी अनिल यांचे नाव मोठे आहे. त्यांचे खरे नाव आत्माराम रावजी देशपांडे. ते १९०१ साली जन्मले, १९८२ साली वारले. या कवीने काही वर्षे समाजशिक्षणाच्या खात्यात, म्हणजे मोठ्या माणसांना शिकवण्याच्या कामातच, नोकरी केली होती.

दुसऱ्याच्या ओळीवरून कविता करण्याची रीत मात्र मुक्तछंदाहून फार जुनी आहे. पूर्वी दरबारात पंडितांना एक चरण देत आणि उरलेले तीन चरण जागच्या जागी रचायला सांगत. याला समस्यापूर्ती म्हणत. आपल्या घरांतून जात्यावर दळताना बायका ओव्या म्हणत, तिथेही हेच होते. ओवीची सुरुवात सगळ्यांच्या तोंडची असे. पुढे प्रत्येक बाई आपला भाऊ, आपले माहेर, आपले दुखणे त्यात घाली. या दोन्ही ठिकाणी उसनी ओळ कोणाची हे सांगावे लागत नव्हते. दरबारात चरण सर्वांसमोर दिलेला असे. जात्याशी बसलेल्या दोघींना सुरुवात कुठली आणि नवी भर कुठली हे कानालाच कळे.

कागदावर तसे होत नाही. कागद हातात घेणारा माणूस दूर असतो. दिलेली ओळ कोणती, आपली कोणती, हे त्याला आपण सांगितल्याशिवाय कळायचे नाही. पूर्वी जे काम ऐकणाऱ्यांचे कान करीत, ते कागदावर लिहून करावे लागते.

नावाचे महत्त्व आपल्या संतांना चांगले ठाऊक होते. अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ येते, त्याला मुद्रा म्हणतात. अभंग तोंडातोंडी फिरला, तरी नाव त्याच्या पोटातच राहते. आता ही मुद्रा कोणी काढली तर? तुकोबांच्या काळी सालोमालो नावाचा कोणी एक होता. तो तुकोबांचे अभंग घ्यायचा, तुकोबांचे नाव काढून आपले घालायचा आणि लोकांत म्हणायचा, असे वारकरी मंडळी सांगतात. तुकोबांच्या गाथेत या सालोमालोचा उल्लेख असलेले अभंगही आहेत. तुकोबांनी आपल्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या ते सोसले, पण हा प्रकार त्यांना झोंबला. आपल्या पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवाजी महाराजांच्या हयातीत त्यांनी ‘शिवभारत’ हा संस्कृत ग्रंथ रचला. तो छापून निघाला १९२७ साली, म्हणजे अडीचशे वर्षांनी. तरी तो कोणाचा याविषयी शंका राहिली नाही, कारण परमानंदांनी ग्रंथातच आपले नाव गुंफून ठेवले होते.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. आमच्या संध्याकाळच्या वर्गात एक वयस्क बाई येतात. आम्ही त्यांना काकी म्हणतो. त्यांचा मुलगा मुंबईस नोकरीला आहे. गणपतीला आला होता, तो परत गेला. दुसऱ्या दिवशी वर्गात कोणी विचारले, “काय काकी, पोरगा पोचला का?” काकी पाटी पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “पोचला असंल. यष्टी गेली की रस्ता रुंद दिसतो.”

त्या पुढे काही बोलल्या नाहीत. वर्गात चाळिशीचे एक गृहस्थ होते. वीस वर्षे मुंबईत हॉटेलात काम करून ते गावी परतले आहेत. त्यांनी हळूच ती ओळ वहीत लिहून घेतली. वर्ग सुटल्यावर मला म्हणाले, “गुरुजी, याच्यावर काहीतरी लिहावंसं वाटतंय.”

मी म्हटले, “लिहा. पण आधी काकींना विचारा.”

हे पहिले काम. बोललेली ओळ असेल तर बोलणाराला विचारायचे, आणि ते लिहिण्याच्या आधी विचारायचे. कविता तयार झाल्यावर विचारले तर समोरचा माणूस भिडेने हो म्हणतो. गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी विचारले. काकी हसल्या. “त्यात काय कविता हाय? मी आपलं बोलले,” म्हणाल्या. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “नाव नको घालू माझं. पोरगा म्हणंल, आईनं गावात रडगाणं सांगितलं. पण बाबा, तू बोललास असंही लिवू नको. मी बोलले ते मीच बोलले.”

काकींच्या या बोलण्यात पाठाचा अर्धा भाग आला. नाव न छापणे वेगळे आणि ओळ दुसऱ्याच्या नावावर जाणे वेगळे. त्यांना पहिले हवे होते, दुसरे नको होते. कागदावर हे दोन्ही कसे साधायचे ते पुढे येईल.

दुसरे काम म्हणजे ओळ जशीच्या तशी लिहून ठेवणे. गृहस्थांनी रात्री वहीत तिची सुधारणा केली होती. ‘बस निघून गेल्यावर रस्ता रुंद भासतो.’ त्यांना वाटले, छापायचे तर शुद्ध पाहिजे. मी त्यांना दोन्ही ओळी मोठ्याने वाचायला लावल्या. पहिलीत काकी उभ्या दिसतात. दुसरीत कोणीच दिसत नाही. शिवाय एक अडचण होते. बदललेली ओळ काकींची राहिली नाही, कारण त्या असे बोलल्याच नाहीत. ती गृहस्थांचीही झाली नाही, कारण पाहणे काकींचे आहे. अशी ओळ कोणाच्याच नावावर धड लिहिता येत नाही. म्हणून ओळ घ्यायची तर तिच्यातला ‘यष्टी’ हा शब्दसुद्धा तसाच घ्यायचा आणि ओळीला अवतरणचिन्हे द्यायची. बदल केल्यावाचून भागतच नसेल, तर खाली ‘अमक्यांची ओळ’ असे न लिहिता ‘अमक्यांच्या बोलण्यावरून’ असे लिहावे. वाचणाराला फरक कळतो.

तिसरे काम सर्वांत कठीण. ओळ वाढवायची म्हणजे काय करायचे? गृहस्थांचा पहिला मसुदा असा होता:

“यष्टी गेली की रस्ता रुंद दिसतो”
आईच्या डोळ्यांत पाणी येते
मुलाची तिला आठवण येते
घर तिला सुने सुने वाटते

मी त्यांना विचारले, “यातले काकींनी सांगितले नाही असे काय आहे?” त्यांनी वाचले, पुन्हा वाचले आणि मान हलवली. काकींच्या ओळीत डोळ्यांतले पाणी आधीच आहे. रस्ता काही खरोखर रुंद होत नाही. गाडी उभी होती तेव्हा ती रस्ता अडवून उभी होती, आणि तिच्यात पोरगा होता. गाडी गेली आणि तेवढी जागा मोकळी झाली. त्या मोकळ्या जागेला काकी ‘रुंद’ म्हणाल्या. दुःख हा शब्द त्यांनी काढलाच नाही. खालच्या तीन ओळी ते दुःख उकलून सांगत बसल्या, म्हणजे ओळ वाढली नाही, तिचा अर्थ सांगितला गेला. वर्गात गुरुजी अर्थ सांगतात तो वेगळा. कवितेने तो सांगायचा नसतो.

हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. उसन्या ओळीवर बोट ठेवावे आणि उरलेली कविता वाचावी. वरच्या मसुद्यात बोट ठेवले तर खाली जे उरते ते कोणत्याही आईविषयी कोणीही लिहील. पोलादपूर नाही, गाडी नाही, लिहिणारा माणूसही नाही. दही लागले नाही असे समजावे.

मग मी त्यांना ओळीला प्रश्न विचारायला सांगितले. कोण उभे आहे? कुठे? किती वाजले? हातात काय होते, आता काय आहे? पाहणारा कुठून पाहतो? या शेवटच्या प्रश्नाशी गृहस्थ अडले. म्हणाले, “गुरुजी, काकी रस्त्यावरनं बघतात. मी तसा कधी बघितलाच नाही. मी दर वेळी गाडीत असायचो.”

इथे त्यांना वाट सापडली. काकींना रस्ता रुंद होताना दिसतो, कारण त्या मागे राहतात. जो गाडीत बसून मागच्या काचेतून बघतो, त्याला तोच रस्ता अरुंद होत होत दोऱ्याएवढा दिसतो. दोघेही खरे सांगतात. काकींच्या ओळीत नसलेली ही दुसरी बाजू त्या गृहस्थांची स्वतःची होती. वीस वर्षे ते ती पाहत आले होते. ओळ वाढवणे म्हणजे अशी आपली बाजू शोधणे. ती सापडली नाही, तर ओळ वहीत राहू द्यावी. ती कोठे जात नाही.

चार दिवसांनी त्यांनी दुसरा मसुदा आणला. त्यात शेवटी ‘सावित्रीच्या पुलावर तेही गेलं’ अशी ओळ होती. ती आम्ही वर्गात वाचली आणि सगळे गप्प झाले. का, ते इथल्या माणसाला सांगायला नको. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. आमच्या भागात सावित्री, पूल आणि गाडी हे तीन शब्द एकत्र आले की ऐकणारा त्या रात्रीपाशी जातो. ती ओळ वाईट नव्हती, पण ती जबरदस्त होती. तिने काकींना, पोराला, रस्त्याला, सगळ्यांना ओढून नेले. त्या रात्रीवर कविता लिहायची तर ती वेगळी लिहावी लागेल. गृहस्थांनी पूल काढला आणि साधे वळण ठेवले. शेवटी कविता झाली ती अशी:

रस्ता

(पहिली ओळ पोलादपूर तालुक्यातील एका आईच्या बोलण्यातली आहे. त्यांच्या इच्छेवरून नाव दिलेले नाही. पुढच्या ओळी माझ्या.)

“यष्टी गेली की रस्ता रुंद दिसतो,”
ती म्हणाली.

मी रस्त्यावर नव्हतो.
गाडीत होतो,
मागच्या बाकावर,
मांडीवर भाकरीचं फडकं.

काचेतून मला
रस्ता अरुंद होताना दिसला.
आधी थांब्याचा पत्रा गेला,
मग वडाची सावली,
मग एक हिरवं लुगडं
बोटाएवढं,
नखाएवढं.

पहिल्या वळणावर
तेही गेलं.

मांडीवरचं फडकं
अजून ऊन होतं.

आता ही कविता जरा उलगडून पाहू.

ओळी कुठे तोडल्या आहेत ते बघा. ‘मग एक हिरवं लुगडं बोटाएवढं, नखाएवढं’ असे एका दमात लिहिले असते तर लुगडे एकदम लहान झाले असते. तीन ओळी केल्यामुळे डोळा तीनदा थांबतो आणि प्रत्येक थांब्याला गाडी थोडी पुढे गेलेली असते. उलट ‘आधी थांब्याचा पत्रा गेला’ ही ओळ त्यांनी सबंध ठेवली. पत्रा काही हळूहळू जात नाही. मोकळी सोडलेली ओळ हीसुद्धा कवितेतली जागाच आहे. ‘तेही गेलं’ नंतर जी जागा सोडली आहे, तेवढा वेळ वाचणाराने गप्प राहायचे आहे.

उसनी ओळ त्यांनी सुरुवातीला ठेवली. वर्गातल्या एकाने सुचवले होते की शेवटी ठेवा, लोक वाहवा करतील. वाहवा करतील हे खरेच. पण ती वाहवा काकींच्या ओळीला असेल आणि घेईल कोण? कविता वाचणारा. म्हणून उसनी ओळ शेवटी ठेवताना जपावे. सुरुवातीला ठेवली की शेवट आपल्यालाच करावा लागतो, आणि आपल्याला तो करता येतो की नाही हे लगेच कळते. ओळ मध्येच कुठेतरी, अवतरणचिन्हांवाचून घुसवणे तर फारच वाईट. तिथे ती लपवल्यासारखी होते, लिहिणाराच्या मनात तसे नसले तरी.

‘ती म्हणाली’ ही दोन शब्दांची ओळ पाहा. गृहस्थ म्हणाले, “हे लिहिलं म्हणजे ओळ दुसऱ्याची आहे हे कळलंच की. मग वर टीप कशाला?” प्रश्न बरोबर आहे. पण कवितेत कवी पुष्कळ माणसे कल्पनेने बोलवतो. ‘ती’ खरी होती की मनातली, हे वाचणाराला कसे कळावे? तो समजेल की ही आई कवीनेच निर्माण केली आणि ओळही त्यानेच तिच्या तोंडी घातली. म्हणून कवितेच्या बाहेर, कवीच्या स्वतःच्या आवाजात, साधे सांगावे लागते. टीपेतली भाषा अगदी रेशनकार्डासारखी साधी असावी. कोणती ओळ, कोणाची, नाव का नाही, बाकी कोणाचे. एवढे चार मुद्दे आले की पुरे. ‘एका ओळीवरून प्रेरणा घेऊन’ असे मोघम लिहू नये. प्रेरणा म्हणजे किती, शब्द घेतले की नुसती कल्पना, ते त्यातून कळत नाही.

मग कवितेतली ‘ती म्हणाली’ काढून टाकावी का? आम्ही ती ठेवली, त्याला कारण आहे. कागदाची नक्कल होते. कोणी कविता फळ्यावर लिहितो, कोणी फोनवरून पाठवतो, आणि नक्कल करताना टीप पहिल्यांदा गळते. जागा नव्हती म्हणतात. ही कविता एका ठिकाणी फळ्यावर टीपेवाचून लिहिली गेलीच. आठ दिवसांत लोक गृहस्थांना रस्त्यात थांबवून म्हणू लागले, “काय ओळ लिहिलीस रे, यष्टी गेली की!” त्यांना दर वेळी सांगावे लागे, ती माझी नव्हे. टीप गळली तरी ‘ती म्हणाली’ गळत नाही. अभंगातली मुद्रा जशी पोटात राहते, तशी ती राहते. त्या प्रकारानंतर टीप कवितेच्या शेवटी होती ती आम्ही वर आणली, शीर्षक आणि पहिली ओळ यांच्या मध्ये, बाकीच्या अक्षरांएवढ्याच अक्षरात. तिथून ती काढायची तर मुद्दाम काढावी लागते. आणि सभेत कविता म्हणायची असेल तर शीर्षकामागोमाग टीपही तोंडाने म्हणायची. ऐकणाऱ्याला कागद दिसत नसतो.

या गृहस्थांचे नाव येथे का नाही, असे तुम्ही विचाराल. काकींचे नाव नाही तर माझेही या पुस्तकात नको, असे ते म्हणाले.

ओळ बोलण्यातली नसून दुसरीकडची असेल तर काय करावे, तेही थोडक्यात सांगतो. जात्यावरची ओवी असेल तर ‘लोकगीत’ एवढाच शब्द लिहून सुटू नये. ती ओवी कोणा ना कोणा बाईच्या तोंडून तुम्ही ऐकलेली असते. ‘परंपरेची ओवी, म्हणणारी अमकी, गाव अमुक’ असे लिहावे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन इथलेच झालेले गी पॉइतवाँ यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी ओवीबरोबर ती म्हणणाऱ्या बाईचे नाव आणि गावही टिपून ठेवले. ओवी तिने रचली असे त्यात म्हटलेले नाही. तिच्या तोंडून ती मिळाली, एवढे म्हटले आहे, आणि ते खरे आहे. ज्या बायकांचे नाव सातबाऱ्यावरसुद्धा नव्हते, त्यांचे नाव त्यामुळे कुठेतरी लिहिले गेले.

ओळ छापील पुस्तकातली असेल तर ती आठवणीतून न लिहिता पुस्तक उघडून उतरवावी. कवीचे नाव आणि कवितेचे नाव द्यावे. इथे लोकांचा एक घोटाळा होतो. नाव दिले म्हणजे परवानगी मिळाली असे त्यांना वाटते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या देशात कॉपीराइटचा कायदा १९५७ सालचा आहे. त्याप्रमाणे कवीचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. वर सांगितलेले कवी अनिल १९८२ साली वारले, म्हणजे त्यांच्या कवितांवरचा हक्क २०४२ सालच्या अखेरपर्यंत आहे. घरच्या वहीत लिहायला कोणी अडवत नाही. कविता छापायची असेल तर प्रकाशकाला पत्र लिहून विचारावे. आणि तुकोबांच्यासारख्या जुन्या कवीची ओळ असेल तर परवानगी कोणाची लागत नाही, पण नाव लागतेच.

ओळ कोणाची हे खरोखरच ठाऊक नसेल, तर तसे लिहावे. ‘ही ओळ मी आमच्या आत्याकडून ऐकली, मूळ कोणाची ते कळले नाही.’ हे लिहिण्यात कमीपणा नाही. मात्र अंदाजाने कोणा मोठ्या माणसाचे नाव चिकटवू नये. हल्ली फोनवर फिरणाऱ्या कितीतरी ओळींखाली तुकोबांचे नाव असते आणि गाथेत शोधायला गेले तर त्या सापडत नाहीत. दुसऱ्याची ओळ आपली म्हणणारा सालोमालो आपण पाहिला. आपली ओळ दुसऱ्याच्या नावावर खपवणारे हे त्याचे उलटे भाऊ.

कविता पुरी झाल्यावर गृहस्थांनी ती वर्गात काकींना वाचून दाखवली, टीपेसकट. काकींनी नीट ऐकली. टीप पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाल्या, “सगळं बरोबर हाय. पण माझं लुगडं हिरवं नव्हतं त्या दिशी. निळं होतं.”

गृहस्थ म्हणाले, “काकी, ते तुमचं नाही. माझ्या आईचं आहे.”

काकी म्हणाल्या, “मग ऱ्हाऊ दे.”

अभ्यास. या आठवड्यात घरात, शेतावर, बाजारात कान उघडे ठेवा. कोणाच्या तोंडची एखादी ओळ मनात राहिली तर ती त्याच शब्दांत वहीत लिहा. शेजारी कोण बोलले, कधी आणि कुठे, हे टिपा. विचारून घ्या, आणि नाव घालावे की नको हेही विचारा. नंतर त्या ओळीखाली आपल्या आठ ते पंधरा ओळी लिहा. लिहून झाले की उसन्या ओळीवर बोट ठेवून बाकीचे मोठ्याने वाचा, आणि ती वही पुढच्या वर्गाला बरोबर आणा.